मास्तरांचा आवाज आणि माईकपासूनचं अंतर

गावातल्या वाचनालयाच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं नीट करून ठेवण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. कचेरी सुटल्यावर रात्री तासभर मी त्यासाठी बसतो. या कामात एक गोष्ट हमखास भेटते. बोलणारा माणूस माईकसमोर एका जागी उभा राहत नाही. रंगात आला की पुढे झुकतो, काही आठवायचं असलं की मागे रेलतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. तोंड माईकपासून एका वितीवर असताना जो आवाज मिळतो, तो दोन वितींवर सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि चार वितींवर १२ने. खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र उतरत नाही, कारण पंखा जागचा हललेला नसतो. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आमच्या एका निवृत्त मास्तरांचं भाषण घ्या. पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या मराठी शाळेच्या आठवणी ते सांगत होते. माईक स्टँडवर होता. बाराव्या मिनिटाला ते भिंतीवरचा जुना फोटो दाखवायला मागे सरकले आणि तिथूनच बोलत राहिले. मीटरवर एरवी -१६च्या आसपास असलेला आवाज -२८वर आला. पुढे एकविसाव्या मिनिटाला, शाळेतला एक सोबती गेल्याचं सांगताना, आवाज पुन्हा जवळपास तेवढाच खाली गेला. या वेळी मास्तर जागचे हलले नव्हते. त्यांनी स्वर खाली आणला होता.

भाचा म्हणाला, "मामा, एवढं कशाला करत बसता? कॉम्प्रेसर लावा, सगळं एका पातळीवर येईल."

येईल खरं, पण कॉम्प्रेसरला फक्त पातळी कळते. आवाज अंतरामुळे उतरला की माणसाने उतरवला, हे त्याला कळत नाही. दोन्ही जागा तो सारख्याच करून टाकील आणि मास्तरांचा तो दबलेला स्वर फोटोच्या माहितीइतकाच मोठा ऐकू येईल.

फरक कानाला कळतो. माणूस दूर गेला की शब्दांभोवती खोली ऐकू येते, स्वरातला खर्ज पातळ होतो. जवळ राहून हळू बोलला तर घुमारा वाढत नाही, उलट श्वास आणि ओठांची हालचाल स्पष्ट ऐकू येते. म्हणून मी आधी हेडफोन लावून सगळं एकदा ऐकतो आणि जिथे माणूस हलला तेवढ्याच वेळा कागदावर टिपतो.

मग कीफ्रेम. DaVinci Resolve च्या Edit पानावर क्लिपवरून आवाजाची एक आडवी रेघ जाते. तिच्यावर Alt दाबून क्लिक केलं की एक बिंदू बसतो. मागे जाऊन परत येण्याच्या एका फेरीला चार बिंदू लागतात. मास्तर सरकायला लागले तिथे, म्हणजे १२:३९ला, पहिला. ते फोटोजवळ पोचले तिथे, १२:४१ला, दुसरा. परत निघाले तिथे तिसरा आणि माईकशी आले तिथे चौथा. पहिला आणि चौथा मूळ पातळीवरच ठेवायचे, मधले दोन वर उचलायचे. चढउतार माणसाच्या चालीइतकाच सावकाश हवा. कोणी झटकन मान वळवली असेल तर चढ दोन शब्दांमधल्या श्वासात बसवावा, शब्दाच्या पोटात नको, नाहीतर एकच अक्षर फुगल्यासारखं वाटतं.

किती उचलायचं? हिशेबाने १२. पण १२ने आवाज चढवला की पंखाही १२ने चढतो. हे ओळखायला शब्द नव्हे, शब्दांमधल्या मोकळ्या जागा ऐकाव्या. तिथे घरघर लाटेसारखी वर येऊन ओसरत असेल तर बिंदू जास्त उचलला गेला आहे. मी ८वर थांबलो. मास्तर ४ डेसिबल खालीच राहिले, पण घुमाऱ्यावरून ते दूर उभे आहेत हे ऐकणाऱ्याला कळतंच, त्यामुळे तेवढी उणीव खटकत नाही. पातळ झालेला खर्ज कीफ्रेमने परत येत नाही, त्याने फक्त पातळी बदलते.

एकविसाव्या मिनिटाला एकही बिंदू टाकला नाही. शेवटी पूर्ण ट्रॅकला हलकासा कॉम्प्रेसर दिला. मोठे चढउतार आधीच हाताने निस्तरलेले असल्यामुळे त्याला फारसं काम उरलं नव्हतं.

भाच्याला पडद्याकडे पाठ करून बसवलं आणि भाषण ऐकवलं. फोटोचा भाग आला नि गेला, त्याला काही जाणवलं नाही. एकविसाव्या मिनिटाला मात्र तो खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागला.