तिथीने आलेल्या शुभेच्छा

तुझा वाढदिवस १७ ऑक्टोबरचा, आणि आज २८ तारीख. इतके दिवस माझ्याकडून एक ओळही आली नाही, आणि तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. आज सकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पौर्णिमेचा चंद्र दिसला, खाली ‘कोजागिरी’ असं छापलेलं, आणि मन एकदम हलकं झालं. तुझा वाढदिवस तर आज आहे!

शाळेच्या दाखल्यावर तुझी तारीख लागली, पण काकूंच्या लेखी तू कायम कोजागिरीचीच. १९८६ साली कोजागिरी १७ ऑक्टोबरलाच होती. तू दिवेलागणीला जन्मलीस आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण लागलं. अकराच्या सुमाराला चंद्राची कड काळवंडू लागली, मध्यरात्र उलटली तसा तो अख्खा तांबूस झाला आणि तास-सव्वा तास तसाच राहिला. काकू सांगायच्या की आजी बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडू देईना, आणि बाहेर वाईच्या घाटावर लोक मोक्षाच्या स्नानाची वाट बघत कृष्णेकाठी बसलेले. ही गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे, की ती रात्र मला स्वतःला आठवते असंच वाटतं.

तू थोरली. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळायची आपल्याकडे रीत आहे. तिला आश्विनी म्हणतात. त्यामुळे तुझं एकाच ताम्हनात दोनदा औक्षण व्हायचं, एकदा थोरली म्हणून, एकदा वाढदिवसाची म्हणून. सुपारी आणि अंगठी तुझ्या चेहऱ्याभोवती फिरायची, निरांजनाचा उजेड गालावर हलायचा, आणि मी शेजारी पाटाला खेटून बसलेली असायचे. मग गच्चीवर आटीव दूध. केशर, वेलदोडा, चारोळी, आणि जायफळ जरा सढळ हाताने. त्या जायफळाने तू दुसऱ्या पेल्यालाच पेंगायला लागायचीस.

तारीख आणि तिथी एकमेकींपासून कशा लांब जातात, हे मला तुझ्या वाढदिवसानेच शिकवलं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, आपलं दिनदर्शिकेचं ३६५ दिवसांचं. म्हणून कोजागिरी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२१ मध्ये ती १९ ऑक्टोबरला आली, २०२२ मध्ये ९ तारखेला. याच चालीने यंदा ती सप्टेंबरच्या अखेरीस येऊन गेली असती आणि मला आज बोलायला तोंड उरलं नसतं. पण यंदा श्रावण अधिक आला. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत एक सबंध महिना वर्षात जास्तीचा शिरला आणि त्याने नंतरचे सगळे सण पुढे लोटले. गणपती उशिरा, दसरा उशिरा, आणि तुझी पौर्णिमा तारखेच्या मागून अकरा दिवसांनी. सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा हा महिना एरवी लोकांना जावयाच्या अनारशांमुळे आठवतो. मला मात्र तो यंदा तुझ्यासाठीच आला असं मनापासून वाटतं आहे.

आणि आज पुन्हा ग्रहण आहे! खंडग्रास, रात्री एक वाजून पाच मिनिटांपासून दोन वाजून तेवीस मिनिटांपर्यंत. चंद्राचा छोटासा तुकडाच झाकला जाईल, पण तुझ्या तिथीला तुझ्या जन्मरात्रीचा रंग चढणार. इथे सकाळपासून घरोघरी एकच चर्चा आहे: वेधात दूध आटवायचं की नाही? आईने तोडगा काढला. दूध दुपारच्या आतच आटवलं, त्यात तुळशीचं पान टाकलं, आणि वर म्हणाली, “तिला सांग, तिच्या वाटणीचा पेला मी काढून ठेवलाय.” नाशिकहून तू तो प्यायला येणार नाहीस हे तिलाही ठाऊक आहे. तरी पेला काढलाच, तुझ्या आवडीचा, पितळी.

तेव्हा हे पत्र उशिराचं समजू नकोस. सदतिसावं वर्ष सरलं तुझं. गेल्या वर्षी काकू गेल्या, आणि तेव्हापासून ही तिथी लक्षात ठेवणारं माणूस तुझ्या घरात उरलं नाही, हे मला आज सकाळी उमगलं. १७ तारीख तुला सगळ्यांनी आठवून दिली असेल. कोजागिरी मी आठवून देत जाईन. आज एकाच्या आधी गच्चीवर जा. मुलांना झोपू देऊ नकोस, त्यांनाही ग्रहण बघू दे, आणि घाटावरच्या त्या रात्रीची गोष्ट त्यांना सांग, काकू सांगायच्या तशी, आजीच्या खिडकीसकट. मी इथून फोन लावते.

एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. २००५ मध्ये पौर्णिमा १७ ऑक्टोबरलाच होती, आणि पुढच्या वर्षी कोजागिरी १६ ऑक्टोबरला आहे, म्हणजे तारखेच्या आदल्या रात्री. दोन दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेव आणि वाईला ये. औक्षण आई करेल. जायफळ मी किसेन.