दारं, खिडक्या आणि एक लिटर

गेल्या महिन्यात बेडरूम रंगवायला काढली. पेंटरमामांनी टेप लावला आणि कागदावर लिहिलं, भिंती 396. खोली 12 बाय 10, म्हणजे चारी भिंतींची लांबी 44 फूट. स्कर्टिंगच्या वरून छतापर्यंत उंची 9 फूट. हिशेब बरोबर, पण दारं-खिडक्या कुठे वजा केल्या? मजुरीचा दर फुटाला 20 रुपये, म्हणजे न रंगवलेल्या जागेचेही पैसे. मला लगेच बग सापडल्याचा आनंद!

रात्री स्वतः मापं घेतली. दार मोजताना चौकटीच्या बाहेरून बाहेर मोजायचं, कारण चौकटीला ऑइलपेंट, त्याचा हिशेब वेगळा. खोलीचं दार साडेतीन बाय 7, बाथरूमचं 3 बाय 7, खिडकी 5 बाय 4. एकूण साडेपासष्ट. उरले 330.5. साधारण तेराशे रुपये वाचणार.

सकाळी मामांना कागद दाखवला. ते म्हणाले, "साहेब, खिडकीच्या आतल्या बाजू कोण रंगवणार?"

गेलो बघायला. खिडकी भिंतीत 6 इंच आत. खाली मार्बल आहे, पण दोन बाजू आणि वरचा भाग रंगवावाच लागतो. 4 अधिक 4 अधिक 5, म्हणजे 13 फूट गुणिले अर्धा. साडेसहा चौरस फूट परत मिळवले. (चारी बाजूंनी मार्बल असतं तर मी जिंकलो असतो.)

दुसरी चूक माझी मलाच सापडली. भिंत मोजली स्कर्टिंगच्या वरून आणि दारं मोजली फरशीपासून! खालचे 4 इंच भिंतीत धरलेच नव्हते, तरी वजा केले. दोन्ही दारांचे मिळून 2 फूट. आकडा आला 339.

"आणि चौकटीच्या कडेने ब्रशने कटिंग करायला रोलरपेक्षा जास्त वेळ जातो, त्याचं काय?" मामा. हे पटलं. सरकारी कामाच्या मोजमापातसुद्धा अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची भोकं वजा करत नाहीत. म्हणून ठरलं, मजुरी 396 वर, रंग मात्र 339 च्या हिशेबाने आणायचा. रंग काही कटिंगला जास्त लागत नाही.

डब्यावर लिटरला 60 चौरस फूट लिहिलं होतं, दोन हात धरून. (हे नीट वाचा, काही डब्यांवर एकाच हाताचा आकडा असतो.) 396 ला 7 लिटर लागले असते, 339 ला 6. चारचा एक डबा आणि एकेकाचे दोन आणले. एक लिटर वाचवला म्हणून मी खूश.

काम संपलं तेव्हा एक डबा सीलबंदच उरला. मी मामांकडे बघितलं, मामांनी भिंतीत फिक्स केलेल्या कपाटाकडे. 6 बाय 7, म्हणजे 42 चौरस फूट, दोन्ही दारांच्या बेरजेच्या जवळपास. त्याच्या मागे कोण रंग लावतंय?

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही दारं-खिडक्याच विचारल्या, साहेब."

डबा माळ्यावर आहे. टचअपला होईल.