शपथ नको, क्रम विचारा

समाजशास्त्रात एम. ए. करताना आम्ही आत्महत्येवरचा दुर्खीम शिकलो. पनवेलच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवताना मात्र वेगळाच प्रश्न समोर आला. मरायचे नसताना स्वतःच्या शरीराला इजा करून घेणारी मुलेमुली आम्हाला भेटू लागली. घरच्यांकडे त्यावर तीन ठरलेली उत्तरे असतात: नाटक, बाहेरची बाधा नाहीतर मोबाईल. यातले एक उत्तर पकडले की कारण शोधायची गरज उरत नाही.

अकरावीतल्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आईला तिच्या हातावर खुणा दिसल्या. त्याच दिवशी मुलीला थप्पड बसली, फोन काढून घेतला गेला आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर 'पुन्हा करणार नाही' अशी शपथ घ्यायला लावली. काही आठवड्यांनी नव्या जखमा सापडल्या, पण आता त्या कपड्यांखाली झाकल्या जातील अशा जागी होत्या. धाकाने इजा थांबली नव्हती, ती लपली होती. शिवाय शपथ मोडल्याचा अपराध वर चढला होता.

आई म्हणाली, "ताई, हिला समजवा." आम्ही मुलीला 'का केलंस?' असे विचारले नाही. असा प्रश्न आरोपासारखा लागतो आणि उत्तर बहुतेकदा तिलाही माहीत नसते. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी कॉलेजात गेल्यापासून काय काय झालं, ते क्रमाने सांग." मग हळूहळू क्रम उलगडला. शिष्यवृत्तीचे अर्ज अपूर्ण असलेल्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचली गेली. मागून कोणीतरी हसले. घरी पाहुणे होते, रडायला कोपरा नव्हता. रात्री तेच हसू डोक्यात फिरत राहिले, छाती दाटून आली आणि तिने इजा करून घेतली. "नंतर?" "डोकं शांत झालं. अर्धा तास. मग लाज वाटली."

त्या अर्ध्या तासात सगळे उत्तर आहे. मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये अशा इजेची चार कामे मांडली: असह्य भावना खाली आणणे, बधिर मनाला काहीतरी जाणवून देणे, इतरांकडून आधार मिळवणे आणि नकोशा प्रसंगातून सुटणे. यातले पहिले सर्वांत जास्त आढळते. आराम मिळतो, म्हणून पुढच्या वेळी मन तोच रस्ता धरते. आपण शिक्षा करून लाज वाढवतो तेव्हा ज्या ताणातून इजा झाली, तोच ताण वाढवतो.

म्हणून आधी जखम शांतपणे धुऊन पट्टी करावी. मग स्पष्ट विचारावे, "मरून जावंसं वाटतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मरायचे नाही असे उत्तर आले तरी निर्धास्त होऊ नये. अशी इजा करणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त असतो, म्हणून हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो.

शपथेऐवजी आम्ही तिच्याशी पंधरा मिनिटांचे ठरवले. लाट आली की आधी चेहऱ्यावर थंड पाणी मारायचे, जिना भराभर चढायचा-उतरायचा, मग ठरलेल्या मावशीला फोन करायचा. त्यासाठी फोन तिला परत हवा होता, हे आईला पटवावे लागले. इजा करायची साधने घरात सहज हाती लागणार नाहीत एवढे आईने पाहायचे, पण रोज अंगझडती घ्यायची नाही. तिच्या संमतीने आम्ही कॉलेजला, तिचे नाव न घेता, अर्जांच्या त्रुटी प्रत्येकाला वेगळ्या कळवाव्यात असे पत्रही दिले.

हे सगळे कार्यकर्त्याच्या हातातले आहे, उपचार मात्र नाहीत. इजा वारंवार होत असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवाच. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही बोलता येते. जखम खोल असेल, काही गिळले असेल किंवा मरण्याचा बेत ठरला असेल, तर मुलाला एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठावे. 'पोलीस केस होईल' या भीतीने घरी थांबू नये. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम 309 हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही.

मुलाला 'कोणालाच सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. जिवाला धोका दिसला तर कोणाला सांगू, हे आधीच बोलून ठेवावे. आणि जखमांचा फोटो वस्तीच्या ग्रुपवर जाऊ देऊ नये. एकाचे पाहून दुसऱ्यानेही करण्याचा धोका या वयात खरा असतो.

त्या मुलीच्या जखमा एका दिवसात थांबल्या नाहीत. आधी दोन जखमांमधले दिवस वाढले. नंतर एका रात्री इजा करण्याआधी मावशीचा फोन वाजला.