आईंना पत्र : काही टिपणे

मायना “ती. आईंस, सा. न.” असाच ठेवायचा. फोनवर आमचं बोलणं “जेवलात का?” याच्यापुढे कधी जात नाही. पत्रात नमस्कार लिहिला की पुढचं वाक्य तरी सुचतं.

*

आंतरदेशीय पत्रच बरं. त्यात वेगळा कागद घालता येत नाही, म्हणून मावेल तेवढंच लिहिलं जाईल. वहीतला खर्डा भलताच लांबला, आणि बहुतेक सगळा लग्नानंतरच्या पहिल्या गौरींवर गेला.

माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. सासरी साताऱ्याला मुखवट्यांच्या, उभ्या, दागिन्यांनी मढवलेल्या. “आमच्याकडे खडे असतात,” एवढंच मी म्हटलं होतं. ते आईंपर्यंत पोचलं ते “हिला आपलं सगळं अवडंबर वाटतं” असं होऊन. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी गौरींना साडी नेसवायला मात्र हाक आली नाही, आणि ती पुढे कधीच आली नाही.

*

हे पत्रात घालायचं नाही. खुलासा करायचा तर मधे जाऊबाई येतात. मग आईंना दोन सुनांपैकी एकीला खोटं पाडावं लागेल, आणि रोज त्यांच्या हाताशी असते ती थोरली. शिवाय मोतीबिंदूमुळे आईंना बारीक अक्षर लागत नाही. पत्र वाचून दाखवायची वेळ आली तर तेही जाऊबाईच दाखवतील. म्हणून अक्षर टपोरं, ओळी सुट्या, आणि कुणीही मोठ्यानं वाचावा असाच मजकूर.

“झालं गेलं विसरून जा” हेही खोडलं. ते वडीलधाऱ्यांनी म्हणायचं. धाकटीनं म्हटलं की विसरायचं काम त्यांच्यावर ढकलल्यासारखं होतं.

*

उरलं ते असं :

“आई, गौरीचा सोळा पदरी दोरा तुम्ही कसा करता, हळद कधी लावता, गाठी कशा पाडता, हे मला तुमच्याकडून शिकायचं आहे. साडी नेसवतानाही जवळ बसू द्या. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच येते. एकटीच येईन. हे मुलांना घेऊन पूजनाच्या दिवशी येतील.”

एकटीनं जाण्याला कारण आहे. हे घरात असले की आई माझ्याशी बोलायचं तेही यांच्याशी बोलतात. “तिला म्हणावं, चहा झालाय.”

*

उत्तर लिहून येणार नाही. पण यांच्या फोनवर “येताना तिला फुलवाती आणायला सांग” असं काही काम आलं, तर होकार समजायचा. “या की, घर तुमचंच आहे” असं आलं, तर तो पाहुण्यांना करतात तसा आग्रह. तरीही आदल्या संध्याकाळचीच एस. टी. धरायची.