दादाश, बाज़ खाब मूंदम

इंग्रजी गप्पांचे निरोप फारसीत आणताना मी सगळ्यात आधी क्रियापदाकडे पाहतो. इंग्रजी पोरं अक्षरं गाळून शब्द आखूड करतात. फारसी लिपी ऱ्हस्व स्वर मुळातच फारसे लिहीत नाही, त्यामुळे तिथे अक्षरं गाळून काही साधत नाही. फारसीत मोकळेपणा येतो तो तेहरानच्या बोलीतला उच्चार जसाच्या तसा लिहिल्याने.

एक निरोप घ्या. मित्र मित्राला लिहितो: ‘ब्रो आयॅम डेड, एलओएल, ओव्हरस्लेप्ट अगेन, ऑन माय वे, डोन्ट बी मॅड.’ पुस्तकी फारसीत ‘मी पुन्हा झोपून राहिलो आहे’ हे ‘मन दोबारे खाब मांदे-अम’ असं होतं. व्याकरण बिनचूक, पण वाचताना सरकारी पत्र वाटतं. बोलीत ‘आन’चा ‘ऊन’ होतो, म्हणून ‘मूंदम’. ‘येतो’ या अर्थाच्या ‘मी-आयम’चं ‘मियाम’ होतं. ‘मन’ म्हणजे आपलं ‘मी’, ते गळून पडतं, कारण ते क्रियापदाच्या शेवटच्या ‘-अम’मध्येच आहे. मजकुरात पावलोपावली ‘मन’ दिसलं, की त्याखाली इंग्रजी वाक्य दडलंय हे मी ओळखतो.

खरा वेळ जातो तो ‘डेड’वर. फारसीत ‘मोर्दम’, म्हणजे ‘मेलो’, खूप चालतं, पण कशाने मेलो ते बहुतेकदा जोडावं लागतं: हसून, भुकेने, थकून. इथे मुलगा हसून मेलेला नाही, तो पकडला गेलाय. म्हणून मी ‘बदबख्त शोदम’ घेतो, म्हणजे ‘वाट लागली माझी’. आधीचा निरोप वाचल्याशिवाय हे ठरवता येत नाही, म्हणून सुटा निरोप आला की मी आधी पूर्ण संभाषण मागतो.

‘एलओएल’चंही तसंच. फारसीत हसणं ‘ख’ हे अक्षर ओळीने टंकून लिहितात, पण ते खरं हसणं असतं. इथलं ‘एलओएल’ हसत नाही, अपराध सौम्य करतं. ते काम शेवटचं ‘दिगे’ करतं, आपल्या ‘ना’सारखं. त्यामुळे ‘ख’ची रांग मी टाकत नाही.

मग उरतं ते असं: ‘दादाश, बदबख्त शोदम, बाज़ खाब मूंदम. दारम मियाम, नाराहत नशो दिगे.’ ‘दारम मियाम’ म्हणजे ‘येतोच आहे’. वाटेत असल्याचं वेगळं सांगायची गरज राहत नाही.

मात्र हाच निरोप मैत्रिणीने मैत्रिणीला लिहिला असता, तर ‘दादाश’ कानाला खटकलं असतं. इंग्रजीतला ‘ब्रो’ हल्ली मुलीही एकमेकींना म्हणतात. तिथे मी ‘दोख्तर’ लिहितो किंवा संबोधनच वगळतो. आणि वाचणारी व्यक्ती वयाने मोठी असेल, तर ‘नशो’ पुरत नाही, आदरार्थी ‘नशीन’ लागतं. इंग्रजी मजकुरात एकच ‘यू’ असल्याने हे कुठेच दिसत नाही. मग निरोप पाठवणाऱ्यालाच विचारावं लागतं: समोर कोण आहे?