उमेदवारी मागे घेताना

शिक्षण संपल्यावर मी भालकीहून दोन ठिकाणी अर्ज केले. बिदरचे लेखी नेमणूकपत्र आधी हाती आले व मी होकार कळवला. कलबुर्गीची दुसरी मुलाखत मात्र सोमवारी होती. न कळवता गप्प बसावे, असे वाटले. वडील म्हणाले, "अरे, त्या जागेकडे कुणीतरी डोळे लावून बसला असेल."

त्याच रात्री ई-मेल लिहिला. विषयाच्या ओळीत पदाचे नाव व अर्ज क्रमांक घातला. "पहिल्या मुलाखतीबद्दल आभारी आहे. मी दुसरी नोकरी स्वीकारल्याने माझी उमेदवारी मागे घेत आहे. सोमवारी येणार नाही." पगाराचा उल्लेख टाळला. 'सध्या जमणार नाही' हे शब्द खोडले, कारण त्यातून नकार स्पष्ट होत नव्हता.

सकाळी उत्तर आले : "वेळेवर कळवलेत. यादीतील पुढच्या उमेदवाराला बोलावतो."