कोशांतील लहान अक्षरें

फ्रेंच शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरांत बहुधा खिशांत मावणारा फ्रेंच-इंग्रजी कोश असतो. शब्द शोधावयाचा, पहिला इंग्रजी प्रतिशब्द उचलावयाचा आणि तो वाक्यांत बसवावयाचा, ही त्यांची ठरलेली रीत. फ्रेंचचा अर्थ फ्रेंचमध्येंच सांगणारा जाड कोश कपाटांत तसाच राहतो. "सर, मला जो एक शब्द येत नाहीं, त्याचा अर्थ न येणाऱ्या दहा शब्दांनीं सांगितलेला, मग हा कोश घेऊन मी काय करूं?" असा प्रश्न मला दरवर्षीं कोणी ना कोणी विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याला माझें उत्तर असें कीं, या कोशांत आपण केवळ अर्थ शोधावयास जात नाहीं. शब्द वाक्यांत कसा वागतो, कोणाचा हात धरतो आणि कोणाच्या वाटेस जात नाहीं, हें पाहावयास जातो; आणि ती हकीकत तेथें बारीक टाइपाच्या लहान अक्षरांत दिलेली असते.

अशी रचना मराठी मुलांना अगदीं परकी आहे असेंही नाहीं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात भागांत निघाला. तो मराठीचा अर्थ मराठींतच देतो, शब्दापुढें 'पु.', 'स्त्री.', 'न.', 'अक्रि.' अशीं चिन्हें असतात, आणि पुष्कळ ठिकाणीं जुन्या ग्रंथांतलें एखादें वचनही असतें. लारूस यांचा सचित्र लघुकोश प्रथम १९०५ सालीं निघाला आणि रॉबेर यांचा लघुकोश १९६७ सालीं. त्यांची पानें उघडलीं तर सांगाडा तोच दिसेल. मात्र ओळखीचीं चिन्हें पाहून फसणारेही पुष्कळ. मराठी कोशांत 'न.' म्हणजे नपुंसकलिंग. मोल्सवर्थ साहेबांच्या कोशांतही नपुंसकलिंगासाठीं 'एन्' हेंच अक्षर आहे. फ्रेंच कोशांतला 'एन्' म्हणजे केवळ 'नाम'. फ्रेंचमध्यें नामाला नपुंसकलिंग मुळीं नाहींच. 'एन्. एम्.' म्हणजे पुल्लिंगी नाम, 'एन्. एफ्.' म्हणजे स्त्रीलिंगी नाम. आणि पुढें दुसरें अक्षर नसून नुसता 'एन्.' असेल, तर तो शब्द दोन्ही लिंगीं चालतो असें समजावें. विद्यार्थी या अर्थाचा 'एलेव्ह' हा शब्द तसा आहे; मुलगा असो वा मुलगी, शब्द बदलत नाहीं, फक्त मागचा उपपद-शब्द बदलतो.

लिंगाचें हें अक्षर कित्येकदां अर्थही ठरवितें. 'लीव्र' हा शब्द कोशांत दोनदां येतो, पहिल्यापुढें १ आणि दुसऱ्यापुढें २ असा अंक असतो. एक पुल्लिंगी, त्याचा अर्थ पुस्तक. दुसरा स्त्रीलिंगी, त्याचा अर्थ वजनाचा किंवा नाण्याचा पौंड. पहिली नोंद वाचून जो थांबला त्याला बाजारांतल्या पाठांत बटाट्यांशेजारीं पुस्तक कां आलें हें कळणारच नाहीं.

परंतु खरी कसोटी क्रियापदांची. येथें एकच शब्द नीट उलगडून दाखवितों. तो म्हणजे 'मांके'. (फ्रेंच उच्चार नागरींत अदमासानेंच लिहितां येतो, हें वाचकांनीं चालवून घ्यावें.) आमच्या वर्गांतील एका मुलीनें, लहानपणीं आपणांस शिकविणाऱ्या व आतां फ्रान्सला परत गेलेल्या एका वृद्ध भगिनीस नाताळचें पत्र लिहिलें. 'मला तुमची फार आठवण येते' असें तिला म्हणावयाचें होतें. तिनें इंग्रजी वाक्य मनांत धरलें, त्यांतील 'मी' कर्ता आणि 'तुम्हीं' कर्म केलें, खिशांतल्या कोशांतून 'मांके' घेतलें आणि लिहिलें, 'ज वू मांक'. पत्र टपालांत पडण्यापूर्वीं तिनें मला दाखविलें हें बरें झालें. कारण त्या वाक्याचा अर्थ 'तुम्हांला माझी आठवण येते' असा होतो. एका वृद्ध बाईला दूरदेशीं, सणाच्या दिवसांत, मुलीकडून असें वाक्य जावें हें मला बरें वाटलें नसतें.

मीं चूक सुधारून दिली नाहीं. कोश तिच्या पुढें ठेवला. 'मांके' या नोंदीचे तीन भाग आहेत. त्यांचा क्रम कोशागणिक निराळा असेल, पण प्रत्येक भागाच्या आरंभीं एक चिन्ह असतें आणि प्रथम तेंच वाचावें. एका भागावर अकर्मक असें चिन्ह आहे. त्याखालीं हवें तेथें नसणें हा अर्थ मिळतो: 'लार्जां मांक', पैसा नाहीं, 'इल मांक द पाज', दोन पानें कमी आहेत. या दुसऱ्या वाक्यांत पानें दोन असूनही क्रियापद एकवचनी राहतें, कारण कर्ता 'इल' हा नांवापुरता आहे. दुसऱ्या भागावर साधें सकर्मक असें चिन्ह आहे. तेथें कर्म सरळ लागतें: गाडी 'मांके' करणें, म्हणजे गाडी चुकणें, संधि 'मांके' करणें, म्हणजे ती हातची जाणें. उरलेल्या भागावरचें चिन्ह मराठी कोशांत आढळत नाहीं. तें सांगतें कीं, हें क्रियापद सकर्मक खरें, पण कर्म सरळ लागत नाहीं. मध्यें 'आ' किंवा 'द' हें अव्यय यावें लागतें. 'आ' लागून पुढें माणूस आला तर उणीव भासणें. 'आ' लागून दिलेला शब्द आला तर तो मोडणें. 'द' लागून वस्तु आली तर ती पुरेशी नसणें. पुढें तो 'कोणी' हवा कीं तें 'कांहीं' हवें, हेंही कोश दोन आंखूड रूपांनीं सांगतो, आणि मुलें नेमकीं तींच ओलांडून जातात.

आतां उदाहरण-वाक्यें. 'सेझ आंफां लुई मांक': तिचीं मुलें जवळ नाहींत, तिला त्यांची उणीव भासते. मुलीनें विचारलें, "सर, चिन्ह म्हणतें 'आ' पाहिजे, या वाक्यांत 'आ' कुठें आहे?" प्रश्न उत्तम होता. तो 'लुई' या सर्वनामाच्या पोटांत आहे. सरळ कर्म असतें तर तेथें 'ल' किंवा 'ला' आलें असतें. 'आ' लागणारें कर्म असल्यामुळें 'लुई' आलें. मराठी माणसाला हा भेद कानानें कळत नाहीं, कारण 'मीं त्याला पाहिलें' आणि 'मीं त्याला पत्र दिलें' या दोन्ही वाक्यांत आपण एकच 'त्याला' वापरतों. फ्रेंचमध्यें पहिल्या 'त्याला'साठीं 'ल' व दुसऱ्यासाठीं 'लुई' आहे. म्हणून 'ज ले मांके आ ला गार' म्हणजे स्थानकावर त्याची माझी चुकामूक झाली. आणि 'ज लुई ए मांके' म्हणजे त्याला (किंवा तिला) माझी उणीव भासली. शब्द तेच, फरक एवढ्याशा सर्वनामाचा.

यांत आणखी एक अडचण आहे. 'मला' व 'तुला' यांसाठीं फ्रेंचमध्येंही दोन्ही ठिकाणीं एकच रूप असतें, आणि 'आम्हांला', 'तुम्हांला' यांचेंही तसेंच. 'इल मा मांके' असें वाक्य एकटें सांपडलें तर त्याचा अर्थ 'मला त्याची उणीव भासली' असाही होईल आणि 'त्याचा नेम मला लागला नाहीं' असाही होईल. तेव्हां क्रियापदाची चाल शिकावयाची असेल, तर 'मला', 'तुला' असलेलें उदाहरण धरूं नये. त्याच भागांतलें 'त्याला', 'तिला' किंवा प्रत्यक्ष नांव असलेलें वाक्य शोधावें. तें वाक्य आधीं वहींत उतरावें आणि मग सर्वनाम बदलावें. मुलीनें तसेंच केलें. 'मुलें तिला' याच्या जागीं 'तुम्हीं मला' घातलें आणि 'वू म मांके' असें वाक्य तयार झालें. मग ती आपणच म्हणाली कीं, हें तर मराठीसारखेंच आहे. खरेंच आहे. 'मला तुमची उणीव भासते' या वाक्यांत 'मी' कर्ता नाहींच. ज्याला उणीव भासते तो 'मला' होऊन बाजूस बसतो, फ्रेंचमध्यें बसतो तसाच. मध्यें इंग्रजी आली नसती तर मुलगी चुकली नसती, असें मला वाटतें.

आतां त्या न येणाऱ्या दहा शब्दांचें काय? माझा नियम असा कीं, व्याख्येचा पहिला शब्द कळला पाहिजे. नामाची व्याख्या बहुधा जातिवाचक नामानें सुरू होते: वस्त्र, प्राणी, हत्यार. क्रियापदाची व्याख्या क्रियापदानेंच सुरू होते. तो एक शब्द अडला तरच दुसरें पान उघडावें. तेथेंही अडलें तर तिसरें उघडूं नये, उदाहरणांकडे वळावें. व्याख्येमागें व्याख्या शोधणारा विद्यार्थी अर्ध्या तासानें पहिल्याच शब्दावर परत येतो, कारण एकभाषी कोशांतील शब्द शेवटीं एकमेकांच्याच आधारावर उभे असतात. व्याख्या कळली कीं नाहीं हें ताडण्यास एक साधी युक्ति आहे. ती उदाहरण-वाक्यांत शब्दाच्या जागीं ठेवून पाहावी. वाक्य चाललें तर अर्थ बरोबर भागांतला आहे. 'गाडी मांके केली' येथें 'हवें तेथें नसणें' ठेवून पाहा. वाक्य चालत नाहीं, म्हणजे आपण चुकीच्या भागांत उभे आहों.

व्याख्येच्या आधीं तिरप्या अक्षरांत जें छापलेलें असतें, तेंही वाचावें. एक चिन्ह शब्द जुना झाल्याचें सांगतें, एक तो केवळ ग्रंथांत चालतो हें, एक तो घरगुती बोलण्यांतला आहे हें. रॉबेरच्या कोशांत नामांकित लेखकांचीं वाक्यें पुष्कळ आहेत. तीं वाचावयास गोड, परंतु आठवीच्या मुलानें निबंधांत त्यांची नक्कल करूं नये. 'मांके' याच अर्थीं पूर्वींच्या लेखकानें वापरलेली एखादी चाल आज कोणी बोलत नसेल. नकलेस कोशकारानें स्वतः रचलेलीं बिननांवाचीं आंखूड वाक्येंच बरीं.

कांहीं चिन्हें विषय सांगतात, आणि त्यांचें आमच्या नाशिककरांना विशेष काम पडतें. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांचे मळे आहेत आणि तेथील कांहीं तरुण द्राक्षारसाच्या धंद्यांत फ्रेंच कागद वाचतात. अशा एका माजी विद्यार्थ्यानें 'रॉब' हा शब्द घेऊन मजकडे यावें हें साहजिक होतें. कागदांत द्राक्षारसाच्या पोशाखाचें वर्णन होतें! (माझा स्वतःचा त्या पेयाशीं संबंध प्रभुभोजनापुरताच, तरी शब्दाशीं वैर कशाला?) नोंद उघडली. स्त्रीलिंगी नाम; प्रथम बायकांचा झगा, मग न्यायाधीशाचा व वकिलाचा झगा, मग घोड्याच्या अंगाचा रंग, आणि पुढें द्राक्षारसाचा विषय सांगणारें चिन्ह व त्यानंतर: त्याचा रंग आणि झळाळी. तो पहिल्या ओळीवर थांबला होता; उत्तर त्याच नोंदींत कांहीं ओळी खालीं होतें. त्यानें तेथें पेन्सिलीनें बारीक खूण केली, आणि कोश शाळेचा आहे हें आठवून ती लगेच खोडली.